औषध पाजलं, तरी जंत तसेच?

प्रश्न : आमच्याकडे शेळ्या आणि मेंढ्या मिळून चाळीस जनावरं आहेत. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना जंताचं औषध पाजतो. पूर्वी आठवड्यात जनावर तरतरीत व्हायचं. आता औषध पाजूनही महिनाभरात काहींच्या जबड्याखाली सूज येते. दोनदा कंपनी बदलली, फरक नाही. शेजारचे म्हणतात, ‘जनावरांना औषधाची सवय झाली.’ डॉक्टर मात्र म्हणाले, ‘औषध कमी जनावरांना पाजा.’ औषध लागू पडत नसताना कमी पाजायचं, हे गणित काही कळलं नाही. – एक वाचक, ता. आटपाडी, जि. सांगली

उत्तर : गणित उलटं वाटतं खरं, पण डॉक्टरांचं बरोबर आहे. शेजाऱ्यांचंही निम्मं बरोबर आहे. सवय झाली आहे ती जनावरांना नाही, त्यांच्या पोटातल्या जंतांना. जनावर बदललं तरी जंत तेच राहतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

तुमच्या वर्णनावरून संशय जातो तो रक्त पिणाऱ्या गोल जंतावर. त्याचं नाव हिमॉन्कस. तो शेळी-मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. बोटाच्या एका पेराएवढा लांब, पण हजारभर जमले की जनावराचं रोज सुमारे ५० मिलिलिटर रक्त जातं. रक्त पातळ झालं की जबड्याखाली पाणी उतरतं. तीच तुम्हाला दिसणारी सूज. या जंतामुळे बहुधा हगवण लागत नाही. त्यामुळे ‘लेंडी घट्ट आहे, म्हणजे जंत नाहीत’ हा समज धोक्याचा.

याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. अंडी लेंडीतून रानात पडतात. पावसाळ्याच्या उबदार ओलीत पाच-सात दिवसांत त्यांतून अळ्या तयार होतात आणि ओल्या गवतावर चढून बसतात. गवताबरोबर पोटात गेलेली अळी साधारण तीन आठवड्यांत वाढून स्वतः अंडी घालू लागते. इतक्या प्रचंड पैदाशीत एखाद्या जंताच्या अंगी उपजतच असा बदल असतो की औषध त्याला चिकटतच नाही. हा बदल औषधामुळे घडत नाही, तो आधीपासून असतो. औषध फक्त बाकीचे जंत मारून त्याला मोकळं रान करून देतं.

जगात हे फार लवकर लक्षात आलं होतं. थायाबेंडाझोल हे जंतनाशकांच्या एका गटातलं पहिलं औषध १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ सालीच त्याला दाद न देणाऱ्या हिमॉन्कसची नोंद झाली. तुम्ही बहुधा पाजत असाल ती अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही औषधं त्याच घराण्यातली. म्हणून कंपनी बदलून उपयोग नाही. बाटलीवरचं नाव बदललं तरी आत तोच गट असेल, तर एकाला न जुमानणारा जंत दुसऱ्यालाही जुमानत नाही. तुमच्या जिल्ह्यात तासगावचे द्राक्षबागाईतदार केवड्यावर फवारताना ब्रँड पाहत नाहीत, औषधाचा गट पाहतात. इथेही तसंच करायला हवं. लेव्हामिसोल हा वेगळा गट, आयव्हरमेक्टिन तिसरा. पण गट बदलण्याआधी दोष खरंच जंतांचा आहे का, ते पाहू.

कारण पुष्कळदा दोष मात्रेचा असतो. नजरेनं वजन धरून पाजलं की मोठ्या जनावराला औषध कमी पडतं. शेळीचं शरीर औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीच्या मापानं पाजलेली अल्बेंडाझोलची मात्रा तिला म्हणूनच अपुरी होते. अपुरी मात्रा म्हणजे अर्धवट ताकदीच्या जंतांनाही जीवदान. मात्र शेळीला आपल्या मनानं दुप्पट पाजू नका. लेव्हामिसोलची मात्रा जास्त झाली तर विषबाधा होऊ शकते आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये. मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कळपातलं सर्वांत जड जनावर एकदा काट्यावर चढवा.

खात्री करण्याचा उपाय साधा आहे. औषध पाजण्याच्या दिवशी दहा जनावरांच्या गुदद्वारातून ताजी लेंडी घ्यायची. जमिनीवरची उचलायची नाही. पाजल्यानंतर चौदाव्या दिवशी त्याच जनावरांची पुन्हा घ्यायची. प्रयोगशाळेत एका ग्रॅममधली अंडी मोजतात. समजा, आधी सरासरी १२०० होती आणि नंतर ४८० निघाली. म्हणजे घट ६० टक्के. चांगलं औषध ९५ टक्क्यांहून अधिक घट करतं. त्याखाली आलं आणि मात्रा बरोबर होती, तर तो गट तुमच्या कळपात निकामी होत चालला आहे. चौदाच दिवस का? नव्यानं खाल्लेल्या अळ्यांना अंडी घालायला तीन आठवडे लागतात. म्हणजे चौदाव्या दिवशी दिसणारी अंडी औषधातून वाचलेल्या जंतांचीच. तपासणीसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

आता ‘कमी जनावरांना पाजा’ या कोड्याकडे येऊ. कळपात जंत सारखे वाटलेले नसतात. साधारण पाव जनावरांच्या पोटात पाऊण जंत असतात. तुमची चाळीस जनावरं घ्या. समजा, दहांच्या पोटात प्रत्येकी २००० जंत आहेत आणि तिसांच्या पोटात प्रत्येकी २००. एकूण झाले २६,०००. त्यांतले शंभरात एक, म्हणजे २६०, औषधाला दाद न देणारे. सगळ्यांना पाजलं तर उरतील फक्त हे २६०. पुढची सगळी पिढी यांचीच. याउलट फक्त त्या दहांना पाजलं, तर १९,८०० जंत मरतात, म्हणजे तीन चतुर्थांश ओझं उतरतं. उरलेल्या ६,२०० मध्ये दाद न देणारे तेच २६०, म्हणजे शंभरात चार. बाकीचे शहाण्णव औषधानं मरणारे. पुढच्या पिढीत हेच संख्येनं भारी ठरतात आणि औषध पुढेही लागू पडत राहतं. थोडक्यात, काही जंत मुद्दाम जिवंत ठेवायचे. शेतकऱ्याला हे ऐकवत नाही, याची मला कल्पना आहे.

ती दहा जनावरं ओळखायची कशी? डोळ्याची खालची पापणी हलकेच उलटून आतला रंग पाहायचा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचं फमाचा कार्ड तयार झालं. लाल १, पांढराफटक ५. चार आणि पाच क्रमांकाला औषध द्यायचंच, एक-दोनला नाही. तीन क्रमांकाचं जनावर करडू-कोकरू, गाभण किंवा नुकतंच व्यालेलं असेल तर त्याला द्यायचं. दहात एकाहून जास्त जनावरं फिकट निघाली, तर सगळ्याच तीन क्रमांकांना द्या. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिनाभरात दर पंधरा दिवसांनी पाहा, एरवी महिन्यातून एकदा पुरे. रंग सावलीत नव्हे, उजेडात पाहा आणि मूळ कार्डच वापरा. मोबाइलवरच्या फोटोत रंग बदलतो.

याची मर्यादाही सांगतो. पापणी फक्त रक्त कमी झाल्याचं सांगते. ते गोचिडांमुळे किंवा पाणथळ भागातल्या यकृत कृमीमुळेही होतं. डोळे आले असतील तर पापणी उगाच लाल दिसते. पांढरी पापणी असलेलं जनावर औषधानंतरही सुधारलं नाही, तर डॉक्टर गाठा.

उरला चराईचा भाग. हवामानाची एक खोच तुमच्या भागातल्या लोकांनी जाणून घ्यावी अशी आहे. आटपाडी, जत, माण, खटाव इथे उन्हाळ्यात रानातल्या अळ्या उन्हानं जवळजवळ संपतात. त्या वेळी जंत असतात ते जनावरांच्या पोटातच. मे महिन्यात सगळ्या कळपाला औषध पाजलं, तर रानात औषधानं मरणारे जंत शिल्लक नसतात आणि पोटात दाद न देणारेच उरतात. पहिल्या पावसात रान भरतं ते त्यांच्याच पिल्लावळीनं. म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या सरसकट डोसातही निरोगी, लाल पापणीची काही जनावरं वगळावीत. ‘औषध पाजलं की लगेच स्वच्छ रानात हलवा’ हा जुना सल्लाही याच कारणानं आता उलटा ठरला आहे.

फिरती चराई मग कशाला? अळ्या पोटात कमी जाव्यात आणि औषधाची वेळच कमी यावी म्हणून. पावसाळ्यात एका तुकड्यावर चार दिवसांहून अधिक चारू नका. आज पडलेल्या लेंडीतल्या अळ्या तयार होण्याआधी कळप पुढे गेला पाहिजे. परत यायचं ते महिन्यानंतर, जमल्यास दोन महिन्यांनी. अळी काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर जगते. उष्ण हवेत तो साठा लवकर संपतो. टोंगा बेटांवर शेळ्यांना दहा तुकड्यांत प्रत्येकी साडेतीन दिवस चारून पाहिलं, तेव्हा एकाच रानात ठेवलेल्या शेळ्यांपेक्षा त्यांच्या लेंडीतली अंडी निम्म्याहून कमी निघाली. लोक चुकतात ते इथे : गवत फुटलं म्हणून दहा-पंधरा दिवसांतच परततात. अळ्यांची दाटी तेव्हाच असते.

कुंपणं घालायला पैसे नसले तरी चालेल. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडणारे तुमच्याकडचे मेंढपाळ आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात मेंढरं बसवतात. ही फिरती चराईच झाली. गावातच राहणाऱ्या कळपाची अडचण अशी, की पावसाळाभर तेच गायरान. तुम्ही एवढं करू शकता : बाजरी-उडदाचं रान पेरणीपासून काढणीपर्यंत जनावरांविना असतं. काढणीनंतर ते दूध सुटलेल्या करडा-कोकरांसाठी राखा. गायरानात मेंढ्यांच्या मागून मोठी गुरं चरू द्या. हा जंत मोठ्या गुरांच्या पोटात फारसा तग धरत नाही, त्यामुळे त्यांनी खाल्लेल्या अळ्या वाया जातात.

नवं जनावर घेताना सावध राहा. आटपाडीच्या बाजारातून आणलेली शेळी दुसऱ्याच्या कळपातले दाद न देणारे जंत पोटात घेऊन येते. तिला दोन वेगळ्या गटांचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या, वेगळी बांधा आणि चौदाव्या दिवशीची लेंडी तपासूनच कळपात सोडा. पैदाशीसाठी नर निवडतानाही पापणी पाहा. फलटणजवळ वडजल इथे निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढ्यांचा सुंदरबनातल्या गरोळ मेंढ्यांशी संकर केला. गरोळ जातीला जंतांचा उपद्रव मुळातच कमी होतो. संकरित कोकरांच्या लेंडीतही अंडी कमी आढळली. म्हणजे हा गुण वंशात उतरतो. एका हंगामात तिसऱ्यांदा औषध लागलेली मेंढी पैदाशीला ठेवू नका, ती बाजार दाखवण्याच्याच लायकीची.

तेव्हा कंपनी तिसऱ्यांदा बदलण्याआधी दहा जनावरांची लेंडी तपासून घ्या. निकाल आला की कळवा; पुढचा गट कोणता घ्यायचा, ते त्या आकड्यावर ठरेल.