सहलेखिका नाव काढा म्हणते, तेव्हा

प्रश्न : द्राक्षावरील केवड्यासाठी दोन फवारण्यांची आम्ही तुलना केली. प्रत्येक फवारणीला तीन प्लॉट, प्रत्येक प्लॉटमध्ये वीस वेली. मी साठ-साठ वेलींची तुलना केली. सहलेखिकेला ते मान्य नाही. 'माझे नाव काढा' असे तिचे पत्र आले आहे. लेख नियतकालिकाकडे परीक्षणात आहे. काय करू?
– एक संशोधक, नाशिक

उत्तर : नाव काढावेच लागेल. लेखक म्हणजे संपूर्ण कामाची जबाबदारी घेणारा, आणि ती कोणावर लादता येत नाही. मात्र सुधारित प्रतीतून नाव गुपचूप गाळू नका. संपादकांना पत्र लिहा, मतभेदाचे कारण स्पष्ट सांगा आणि तिच्यासह सर्व लेखकांची लेखी संमती जोडा. नोंदी तिने घेतल्या असतील, तर त्या वापरण्याबाबतही तिच्याशी लेखी ठरवा. आभारात नाव घालायचे तर तिची परवानगी हवीच. आभार म्हणजे निष्कर्षाला पाठिंबा, असा वाचकांचा समज होतो.

पण त्याआधी तिचा आक्षेप पुन्हा वाचा. माझ्या मते ती बरोबर आहे. फवारणी प्लॉटला दिली, वेलीला नाही. एकाच प्लॉटमधल्या वेलींना माती, ओलावा, रोगाचा प्रसार सारखाच मिळतो. म्हणून तुमच्याकडे स्वतंत्र नोंदी साठ नव्हे, तीनच आहेत. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हटले. प्रत्येक प्लॉटची सरासरी काढा आणि तीन विरुद्ध तीन अशी तुलना करा. फरक टिकला नाही, तर तसेच लिहा.

हे नवे गणित आधी तिला पाठवा, संपादकांना पत्र नंतर.