गुणांवरून अभिप्रायपत्राकडे

विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीवर ‘२० पैकी १३’ असे लिहिले म्हणजे त्याचे काम इतरांच्या तुलनेत कोठे आहे हे कळते. पण ते कशाने सुधारेल हे कळत नाही. तेच तेरा गुण दोन विद्यार्थ्यांना अगदी भिन्न कारणांनी मिळालेले असू शकतात. म्हणून अनेक शिक्षक एका बेरजेऐवजी निकषांचा तक्ता वापरतात. त्यात कामाचे काही भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात कोणत्या प्रतीच्या कामास किती गुण द्यावयाचे याचे वर्णन दिलेले असते. या तक्त्यावरून विद्यार्थ्यास उपयोगी पडेल असे पत्र कसे तयार होते, हे येथे एका उदाहरणाने पाहावयाचे आहे.

तक्ता काय सांगतो

साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग माध्यमिक शाळांतून नेहमी केला जातो. त्यासाठी प्रत्येकी पाच गुणांचे चार निकष ठरविले आहेत असे समजू. एका विद्यार्थिनीस उपकरणाच्या मांडणीत ५, निरीक्षण व नोंदीत ३, आलेख व गणितात ४ आणि निष्कर्षाच्या कारणमीमांसेत १ असे एकूण १३ गुण मिळाले. तिच्या शेजारच्या विद्यार्थ्यास अनुक्रमे ३, ३, ३ व ४ मिळून तेवढेच गुण पडले. बेरीज सारखी असली तरी दोघांना एकच पत्र पाठविता येणार नाही.

सर्वांत कमी गुणांचा निकष शोधून ‘कारणमीमांसा सुधार’ असे लिहिणे सोपे आहे. परंतु ते तक्त्यातील शब्दच परत करण्यासारखे आहे. गुण दोषाची जागा दाखवितात, दोषाचे कारण दाखवीत नाहीत. त्या कारणासाठी वही पुन्हा उघडावी लागते.

वही काय सांगते

या विद्यार्थिनीने लंबकाची लांबी १०० सेंटिमीटर असताना वीस दोलनांस ३८.२ सेकंद लागल्याची नोंद केली आहे. त्यावरून गुरुत्वत्वरण १०.८ मीटर प्रति वर्ग सेकंद येते. अपेक्षित उत्तर सुमारे ९.८ आहे. हा फरक हवेच्या विरोधामुळे पडला, असे तिने लिहिले आहे.

आता तिचा आलेख पाहावा. लांबी आणि दोलनकालाचा वर्ग यांचा आलेख सरळ रेषेत आला असून ती रेषा आरंभबिंदूतून जाते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता केवळ दोऱ्याच्या टोकापर्यंत मोजली असती, तर रेषेचा चढ योग्य आला असता, पण ती आरंभबिंदूतून गेली नसती. येथे उलट घडले आहे. रेषा आरंभबिंदूतून जाते, मात्र तिचा चढ सुमारे दहा टक्क्यांनी कमी आहे. म्हणजे लांबी बरोबर आहे आणि प्रत्येक वेळी काळ सारख्याच प्रमाणात कमी भरला आहे.

असे होण्याचे नेहमीचे कारण मोजणीत असते. घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हटले, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत एकोणीसच दोलने पूर्ण होतात. ३८.२ ला १९ ने भागल्यास दोलनकाल २.०१ सेकंद येतो आणि उत्तर ९.८ च्या जवळ पोहोचते. निरीक्षणाच्या निकषात तीन गुण मिळाले ते वाचने एकदाच घेतल्यामुळे. मोजणीची चूक त्या गुणांतून दिसत नव्हती.

पत्र

एवढे निश्चित झाल्यावर पत्र लिहावयास फारसा वेळ लागत नाही :

‘प्रिय विद्यार्थिनीस,

लंबक टांगणे आणि लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजणे ही कामे तू बिनचूक केली आहेस. तुझ्या आलेखाची रेषा आरंभबिंदूतून जाते हीच त्याची साक्ष आहे.

तुझे उत्तर अपेक्षेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक आले आहे. तू त्याचे कारण हवेचा विरोध असे दिलेस. परंतु हवेमुळे दोलनकाल बदललाच, तर तो किंचित वाढतो. आणि दोलनकाल वाढला की उत्तर कमी येते. तेव्हा वेळ कमी कशाने भरली असेल, याचा शोध घ्यावयास हवा.

पुढील प्रात्यक्षिकाच्या तासाला दोन गोष्टी कर. पहिली, लांबी १०० सेंटिमीटर ठेव. गोळा मध्यस्थानातून जाताना घड्याळ सुरू कर आणि त्या क्षणी “शून्य” म्हण. तो त्याच दिशेने मध्यस्थानी परत आला म्हणजे “एक”. वीस दोलनांची वेळ तीनदा घे आणि सरासरी आधीच्या ३८.२ सेकंदांशी ताडून पाहा. दुसरी, निष्कर्ष तीन वाक्यांत पुन्हा लिही : उत्तर किती चुकले, कोणत्या बाजूस चुकले, आणि तू दिलेले कारण त्याच बाजूस नेते काय.

आलेखाच्या अक्षांवर एकके लिहावयाची राहिली आहेत, तीही लिही.’

या पत्रात ‘तू एक दोलन कमी मोजलेस’ असे सरळ म्हटलेले नाही. शिक्षकाचा तो तर्क आहे. त्याची परीक्षा विद्यार्थिनी स्वतः करू शकते, आणि केल्यावर ती चूक सहसा विसरत नाही. सुचविलेल्या गोष्टी तक्त्यातूनच आल्या आहेत. निरीक्षणाच्या निकषात वरच्या पायरीचे वर्णन ‘प्रत्येक वाचन तीनदा’ असे आहे; कारणमीमांसेत ‘चुकीची दिशा व कारण यांचा मेळ’ असे आहे. मोजणीची गोष्ट प्रथम सांगितली, कारण नवे वाचन हाती आल्यावाचून नवा निष्कर्ष लिहिता येत नाही.

कोठे बिघडते

अभिप्राय दिला म्हणजे सुधारणा होतेच असे नाही. अव्राहम क्लूगर व अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये पूर्वीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हा अभिप्रायाच्या एकतृतीयांशाहून अधिक उदाहरणांत काम उलट खालावल्याचे आढळले. लक्ष कामावरून हटून स्वतःच्या योग्यतेकडे वळले की परिणाम दुबळा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ‘तू हुशार आहेस’ किंवा ‘तू निष्काळजी आहेस’ ही वाक्ये म्हणूनच वरील पत्रात नाहीत.

गुण आणि पत्र एकदम हाती देण्यातही धोका आहे. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केवळ लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले. गुण व अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही. यासाठी काही शिक्षक पत्र आधी देतात आणि दुरुस्ती झाल्यावर गुण सांगतात.

चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक पत्रास दहा मिनिटे धरली तरी जवळजवळ सात तास लागतात. दरेक प्रयोगास हे शक्य नाही. सत्रातून एकदोन प्रयोग त्यासाठी निवडावेत. सारखी चूक करणाऱ्यांना सुचवावयाच्या गोष्टी सारख्याच असू शकतात. पण पुरावा मात्र ज्याच्या त्याच्या वहीतीलच असावा.

पत्र उपयोगी पडले की नाही, हे विद्यार्थिनीच्या समाधानावरून ठरत नाही. पुढच्या तासाला वहीत १०० सेंटिमीटरपुढे चाळीस सेकंदांच्या आसपासची तीन वाचने दिसली आणि निष्कर्षातून हवेचा विरोध गेला, तर ते उपयोगी पडले. वाचने पुन्हा अडतीस सेकंदांचीच आली, तर तिच्या शेजारी उभे राहून ती कशी मोजते हे ऐकावे लागेल.