नोकरीत अडकल्यासारखं वाटतंय? आधी पाच चिठ्ठ्या, मग धंदा

व्हिडिओमध्ये चिठ्ठ्यांचा व्यायाम भरभर सांगितला. "सर, आमच्या चिठ्ठ्या जुळतच नाहीत," असं बऱ्याच जणांचं म्हणणं आलं, म्हणून इथे जरा सावकाश सांगतो.

आमच्या बॅचमधल्या एका दादांचं उदाहरण घेऊ. वय ४६, भोसरीच्या एका कारखान्यात परचेस विभागात १९ वर्षं. पगार वेळेवर, बॉसही बरा. तरी रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. त्यांनी ठरवलं होतं की चहाची फ्रँचायझी घ्यायची आणि सुटायचं. मी म्हटलं, थांबा, पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ द्या.

पहिलं काम, प्रसंग लिहायचे. कामात वेळेचं भान गेलं असे तीन प्रसंग आणि मनापासून संताप आला असे तीन. "प्रामाणिकपणा", "कुटुंब" असे मोठे शब्द आत्ताच नकोत, ते आपण समाजाला दाखवायला लिहितो. संताप कशाला? कारण जी गोष्ट आपल्याला महत्त्वाची असते, ती तुडवली गेली की राग येतो. दादांनी लिहिलं: "दीड महिना चौकशी करून सप्लायर निवडला, वरून एका फोनवर बदलला." आणि भान विसरल्याचा प्रसंग? सोसायटीचा पाण्याचा पंप रात्री दोन वाजेपर्यंत बसून दुरुस्त केला तो.

आता प्रत्येक प्रसंगातून एकेक मूल्य काढून चिठ्ठीवर लिहा आणि पाचच ठेवा. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे "स्वतःचं दुकान" असं लिहिणं. ते उद्दिष्ट झालं, एकदा काढलं की संपलं. मूल्य म्हणजे दिशा, ती संपत नाही. दुसरी चूक "टेन्शन नको" असं लिहिण्याची. टेन्शन तर मेलेल्या माणसालाही नसतं! काय नको त्याऐवजी जिवंत माणूस काय करेल ते लिहा.

दादांच्या चिठ्ठ्या अशा होत्या: स्वतः निर्णय घेणं, हातातलं कौशल्य, घरच्यांना वेळ, सुरक्षितता, चारचौघांत मान.

पुढे जोड्या लावायच्या. पाच चिठ्ठ्यांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत विचारा, "पुढची पाच वर्षं यातलं एकच मिळणार असेल तर कुठलं?" जिंकेल तिला एक गुण. "दोन्ही" हे उत्तर चालणार नाही. दादांचे गुण वरच्याच क्रमाने ४, ३, २, १, ० आले. मान शून्यावर! ते स्वतःच हसले, कारण फ्रँचायझीचं निम्मं आकर्षण चकाचक बोर्डाचंच होतं.

तुमच्या दोन-तीन चिठ्ठ्यांना सारखे गुण पडले, तर कुठेतरी चक्र झालंय. म्हणजे कौशल्य वेळेपेक्षा मोठं, वेळ सुरक्षिततेपेक्षा मोठा, आणि सुरक्षितता परत कौशल्यापेक्षा मोठी. घाबरू नका. बहुतेक वेळा एखाद्या शब्दात दोन अर्थ दडलेले असतात. "सुरक्षितता" म्हणजे महिन्याचा हप्ता की म्हातारपणची सोय? शब्द नेमका करा आणि त्या जोड्या पुन्हा लावा.

मग फ्रँचायझीचा करार या यादीशेजारी ठेवला. मेनू कंपनीचा, भाव कंपनीचा, माल कंपनीकडूनच. दुकान सकाळी सात ते रात्री दहा. पहिल्या आणि तिसऱ्या चिठ्ठीला सरळ कात्री! ज्या कारणाने संताप येत होता, तेच पैसे भरून विकत घ्यायला निघाले होते. माझ्या मते फ्रँचायझी वाईट नाही; ज्याला ठरलेली पद्धत आणि शिस्त आवडते त्याला ती छान जमते. यांना नाही जमली असती.

त्याऐवजी त्यांनी सहा रविवार आसपासच्या सोसायट्यांचे पंप दुरुस्त करून पाहिले, फक्त सकाळी. दर रविवारी रात्री वहीत दोन ओळी: आज कुठली चिठ्ठी जगलो, कुठली मोडली. चौथ्या रविवारी लिहिलं, "मजा आली, पण वसुलीसाठी तीन फोन. नको वाटलं." वहीचा खरा उपयोग हाच, कागदावर जे छान दिसतं ते करून पाहिल्यावर कसं लागतं ते कळतं. त्यानंतर अर्धे पैसे आगाऊ घ्यायला लागले.

एक लक्षात ठेवा. या व्यायामातून धंदा चालेल की नाही ते कळत नाही, त्याला गिऱ्हाईक आणि हिशोबच लागतो. आणि सुरक्षिततेला एकच गुण मिळाला म्हणून घराचा हप्ता थांबत नाही. दादांचे १४ हप्ते बाकी आहेत, तोवर नोकरी चालू आणि पंप रविवारी. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, तर चिठ्ठ्या बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. त्या मनःस्थितीत सगळ्याच चिठ्ठ्या शून्य वाटतात.

तुमची शून्यावरची चिठ्ठी कुठली निघाली, ते कमेंटमध्ये लिहा.