डॉक्टरांना काय विचारायचं आणि रेकॉर्डिंग कधी सुरू करायचं

पत्रकारिता, विज्ञानलेखन, माहितीपटांसाठीचं संशोधन किंवा कंपन्यांमधलं तांत्रिक लेखन, यांपैकी कुठेही गेलात तरी एक काम करावंच लागतं. ज्या विषयात आपल्याला गती नाही, त्यातल्या जाणकाराला भेटायचं, त्याच्या अर्ध्या-पाऊण तासात नेमकी माहिती घ्यायची आणि ती न चुकता वाचकापर्यंत पोचवायची. "मुलीला लिहिण्यात करिअर करायचंय" असं सांगणारे पालक तिचे मराठीतले गुण दाखवतात. संपादक मात्र तिने माहिती कुठून आणि कशी आणली ते पाहतो. हे काम कुठल्याही पदवीआधी, सुट्टीतही शिकता येतं. त्यासाठी एकच उदाहरण नीट पाहू.

समजा, एका विद्यार्थिनीला मासिकासाठी सर्पदंशावर लेख लिहायचा आहे. तालुक्याच्या ठिकाणचे एक फिजिशियन ओपीडी संपल्यावर चाळीस मिनिटं द्यायला तयार झालेत. या चाळीस मिनिटांत पाच-सहा प्रश्नच नीट होतात. पुस्तकात मिळणाऱ्या उत्तरांवर त्यातला एकही खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आधी वाचन. आपल्याकडचे बहुतेक गंभीर दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे असतात. या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविष दिलं जातं, ते घोड्यांच्या रक्तापासून तयार होतं आणि दवाखान्यात त्याला सगळे एएसव्ही म्हणतात. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. 2030पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने 2024मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. एवढं दोन संध्याकाळी वाचून होतं. त्यानंतर "विषारी साप किती प्रकारचे?" हा प्रश्न वहीतून आपोआप गळतो.

मग उरतं ते खरं कामाचं. मनात येतील ते सगळे प्रश्न एका कागदावर लिहावेत, पंधरा-वीस तरी होतील. प्रत्येकासमोर विचारावं की हे फक्त याच माणसाला माहीत असेल का? "सर्पदंशाबद्दल आमच्या वाचकांना काय सांगाल?" असं विचारलं तर छापील पत्रकासारखं उत्तर येतं, कारण प्रश्नच तसा आहे. "लोक मांत्रिकाकडे जातात म्हणूनच दगावतात ना?" या प्रश्नात उत्तर आपणच भरलेलं आहे. डॉक्टर घाईत "हो" म्हणतील आणि लेखात एक जुना समज तज्ज्ञाच्या नावाने छापला जाईल. तोच प्रश्न असा विचारून पाहा: "अलीकडच्या एखाद्या रुग्णाला साप चावल्यापासून तो तुमच्या टेबलावर येईपर्यंत वेळ कुठे कुठे गेला, ते क्रमाने सांगाल?" आता उत्तरात मांत्रिक येईल किंवा येणारही नाही. कदाचित रात्री न मिळालेली गाडी येईल, व्हेंटिलेटर नसल्यामुळे पुढे पाठवणारा दवाखाना येईल, किंवा मण्यार चावल्याचं दुखलंच नाही म्हणून सकाळपर्यंत झोपून राहिलेला माणूस येईल. क्रम विचारला की माणूस मतं सोडून घडलेलं सांगू लागतो.

शेवटी सहा प्रश्न ठेवावेत आणि ते ज्या ओघात सांगणं सोपं जाईल त्या ओघात लावावेत. पहिला प्रश्न कामाच्या रोजच्या पद्धतीचा असावा, म्हणजे समोरची व्यक्ती मोकळी होते. वादाचा प्रश्न अर्ध्यानंतर ठेवावा. उदाहरणार्थ, एकाच जातीच्या सापाचं विष वेगवेगळ्या प्रदेशांत वेगळं असतं, मग सगळीकडे तेच प्रतिविष सारखंच लागू पडतं का? सहाही प्रश्न दोन दिवस आधी पाठवावेत का, यावर मतभेद आहेत. मी विषय आणि रोख कळवायला सांगेन, शब्दशः प्रश्न नाही. पूर्ण यादी गेली की उत्तरंही लिहून तयार होतात आणि मग संवाद होत नाही. आकडेवारी लागणार असेल तर तेवढी मात्र आधी मागून ठेवावी.

यादी हाताशी असली तरी खरी मुलाखत उपप्रश्नांत होते. पहिला प्रश्न आहे, "रुग्ण आत आला की पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय करता?" डॉक्टर म्हणतात, "रक्त गोठतंय का ते बघतो." बहुतेक नवशिके इथे मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. थांबून "ते कसं बघता?" एवढंच विचारावं. मग कळतं की दोन मिलीलीटर रक्त काचेच्या कोरड्या, नव्या परीक्षानळीत घेतात, ती वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात आणि मग एकदा तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे, हे बहुधा घोणस किंवा फुरशाच्या दंशात दिसतं. "काचेचीच नळी का?" असं विचारलं की आणखी एक थर उघडतो. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठायला चालना मिळते, प्लास्टिकने ती तशी मिळत नाही. नळी साबणाने धुतलेली असेल तरी निकाल चुकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा उपप्रश्न: "म्हणजे रक्त गोठलं तर धोका टळला?" डॉक्टर लगेच "नाही" म्हणतील. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर जातं, तिथे रक्त व्यवस्थित गोठतं आणि तरी रुग्णाच्या पापण्या जड होत जातात, पुढे श्वास अडतो. शिवाय घोणशीच्या दंशातही पहिली चाचणी ठीक येऊन पुढची बिघडू शकते, म्हणून ती पुन्हा करतात. हा प्रश्न राहून गेला असता तर लेखात "रक्त गोठल्यास काळजीचं कारण नाही" असं वाक्य पडलं असतं आणि ते वाचून कुणीतरी घरी थांबलं असतं. म्हणून प्रत्येक ठोस विधानानंतर "असं नसतं तेव्हा काय होतं?" हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. लहान मुलाला प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाएवढाच देतात, हेही अशाच प्रश्नातून निघतं. कारण सापाने मूल पाहून विष कमी सोडलेलं नसतं.

एवढं तपशिलाचं बोलणं केवळ वहीवर उतरवणं अवघड आहे, म्हणून रेकॉर्डिंग हवं, आणि रेकॉर्डिंगसाठी संमती हवी. लपवून रेकॉर्डिंग विद्यार्थ्याने कधीही करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशी असावी तेही सांगितलं आहे. ती दबावाशिवाय दिलेली, ठरावीक कारणापुरती, पूर्ण माहितीनिशी आणि मागे घेता येणारी हवी. मुलाखतीसाठीही याहून चांगली मोजपट्टी मला माहीत नाही.

"रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" असं फोन टेबलावर ठेवता ठेवता विचारणं म्हणजे संमती घेणं नव्हे. वेळ ठरवतानाच्या निरोपातच लिहावं, "बोलणं अचूक उतरवता यावं म्हणून रेकॉर्ड करण्याची आपली परवानगी असावी, अशी विनंती आहे." प्रत्यक्ष भेटीत बटण दाबण्याआधी तोंडी विचारावं आणि बटण दाबल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे होकार रेकॉर्डवर राहतो. वाक्य साधं असू दे: "सर, आज अमुक तारीख. हे रेकॉर्डिंग फक्त माझ्या लेखासाठी आहे, मी आणि गरज पडली तर संपादक एवढेच ते ऐकू. आवाज कुठेही प्रसिद्ध करणार नाही. लेख छापून आल्यावर सहा महिन्यांनी फाइल काढून टाकेन. मध्येच बंद करायचं असेल तर सांगा. चालेल ना?" पुढे आवाजाचा तुकडा पॉडकास्टमध्ये वापरावासा वाटला, तर ती वेगळी परवानगी आहे, नव्याने मागावी. नकार आला तर वही काढावी, चेहरा पाडू नये. हळू बोलण्याची विनंती करावी आणि महत्त्वाचं वाक्य तिथल्या तिथे वाचून दाखवावं.

नाव छापण्याबद्दलही सुरुवातीलाच बोलावं. नाव आणि हुद्द्यासह, नाव न देता, की फक्त आपल्या समजुतीसाठी, हे तीन वेगळे करार आहेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बाबतीत हे विशेष जपावं. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम लागू असतात, सरकारी धोरणावर जाहीर टीका त्यांना करता येत नाही. वैद्यकीय माहिती त्यांना विचारावी. एएसव्हीचा साठा कमी पडतो का, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला लेखी किंवा माहितीच्या अधिकारात विचारावं. आपल्या लेखासाठी कुणाला नोटीस येता कामा नये.

एक जागा फसवी आहे. रेकॉर्डिंग बंद करून आपण उठतो आणि डॉक्टर दाराशी येता येता सगळ्यात मोलाचं काहीतरी सांगतात. ते आधीच्या संमतीत येत नाही. तिथेच विचारावं, "हे लेखात घेतलं तर चालेल का?" तसंच डॉक्टर फोनमधला जखमेचा फोटो किंवा केसपेपर दाखवतात तेव्हा लक्षात ठेवावं की डॉक्टरांची परवानगी म्हणजे रुग्णाची परवानगी नव्हे. नाव गाळलं तरी गाव, महिना, वय आणि "शेतात पाणी द्यायला गेलेली सून" एवढं एकत्र आलं की पंचक्रोशी तिला ओळखते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फोन विमान मोडवर ठेवावा, नाहीतर मधेच कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकावं, पंख्याची घरघर तेव्हाच कळते. टेबलाचे धक्के आवाजात येऊ नयेत म्हणून फोनखाली घडी केलेला रुमाल ठेवावा. वहीत फक्त महत्त्वाच्या जागांच्या वेळा टिपाव्यात, जसं "12:40, काचेची नळी". तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला सहज चार तास जातात, या टिपणांमुळे हवा तोच भाग आधी ऐकता येतो.

लेख झाल्यावर तो संपूर्ण तपासायला पाठवू नये, कारण मग भाषेपासून मथळ्यापर्यंत सगळं बदलून येतं. डॉक्टरांच्या तोंडची वाक्यं आणि वैद्यकीय तपशील तेवढे पाठवावेत, आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहावं. चूक दाखवली तर दुरुस्त करावी. "हे जरा सौम्य करा" असं म्हटलं तर संपादकाशी बोलून ठरवावं.

पालकांना एक सांगणं आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर सोबत जरूर जा, पण बाहेरच्या बाकावर बसा आणि डॉक्टरांना फोन त्यालाच करू द्या. वेळ मागणं, नकार ऐकणं, पुन्हा विचारणं हाही याच कामाचा भाग आहे. पुढे शिकायचं असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा अमरावतीचं भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. विज्ञानाकडे ओढा असेल तर मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका चाळावी. प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीला जाताना छापलेल्या लेखाबरोबर मूळ वीस प्रश्नांचा आणि त्यातून उरलेल्या सहांचा कागदही न्यावा. कुठला प्रश्न का गाळला, हे सांगता येईल इतपत तो ओळखीचा असावा.