आधी पातळ पुस्तक

चि. मीनल,


मन सतत उदास असतं, ते का हे समजून घ्यायचंय, पण जाड पुस्तकाने आणखी दडपून जाईन, असं तू लिहिलंस. तुझी भीती रास्त आहे. लक्ष न लागणं हे नैराश्याच्या लक्षणांपैकीच एक आहे. तेच पान तीनदा वाचूनही काही उरत नसेल, तर त्यात तुझा आळस शोधू नकोस. म्हणून अँड्र्यू सॉलोमनचं ‘द नूनडे डेमन’ कितीही उत्तम असलं, तरी ते पाचशे पानी पुस्तक आज हाती घेऊ नकोस. खरं सांगायला तेवढी पानं लागतातच असं नाही.

मॅथ्यू जॉनस्टनचं ‘आय हॅड अ ब्लॅक डॉग’ हे चित्रांचं पुस्तक आधी घे. त्यात नैराश्य म्हणजे एक काळा कुत्रा. तो जेवणाची चव घालवतो, चारचौघांत तोंड उघडू देत नाही, पहाटे जागं करतो. पानावर एक चित्र आणि मोजकी वाक्यं, त्यामुळे अर्ध्या तासात ते वाचून होतं. चित्रं आहेत म्हणून ते बाळबोध समजू नकोस. कुत्रा कायमचा पळाला असं लेखक म्हणत नाही, त्याला ताब्यात ठेवता येतं एवढंच सांगतो.

मग विल्यम स्टायरनचं ‘डार्कनेस व्हिजिबल’. 1990 चं हे पुस्तक शंभर पानांच्या आतलं आहे. 1985 साली पॅरिसला मोठा पुरस्कार घ्यायला गेलेल्या या कादंबरीकाराला त्या दिवशी कशातच आनंद वाटत नव्हता. यश मिळूनही मन मरगळलेलं राहू शकतं, हे तिथे लख्ख दिसतं. तू म्हणशील, त्यात आत्महत्येचा विचार आहे, तो वाचून माझं मन आणखी बिघडलं तर? तो भाग खरोखरच जड आहे. पण तो विचार बळावलेल्या रात्री कानावर आलेल्या ब्राम्सच्या संगीताने स्टायरन भानावर येतो, बायकोला उठवतो, दुसऱ्या दिवशी इस्पितळात दाखल होतो आणि बरा होतो. शेवट असा आहे हे आधीच ठाऊक असलं, की मधली पानं सोसतात. तरी ती दिवसाउजेडी, घरात कुणी असताना वाच. पुस्तक मिटल्यावरही तासन् तास जीव घुसमटत राहिला, तर ते बाजूला ठेव.

दुसरा आक्षेप माझाच. स्टायरनचा आजार तीव्र होता. त्याच्याशी तुलना करून ‘माझं एवढं कुठे आहे’ म्हणत तू डॉक्टरांकडे जाणं टाळशील, याची मला धास्ती वाटते. मानसोपचाराबद्दलही तो फारसा अनुकूल नाही, पण तो एका माणसाचा अनुभव आहे. कित्येकांना बोलून होणाऱ्या उपचारांनी उतार पडतो. पुस्तकातून आपल्याला काय होतंय ते सांगायला शब्द मिळतात, निदान मात्र डॉक्टरच करतात. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर त्यांना दाखवायचंच. जगणं नको वाटलं, तर पुस्तक उघडू नकोस. लगेच मला किंवा टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन कर.

तुझी,
सुमनमावशी