दम लागलेला दिसू दे

हरिश्चंद्रगडावरचं तुझं प्रवासवर्णन वाचलं गं. पहिलंच वाक्य, ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेला, निसर्गसौंदर्याने नटलेला.’ आता गडाचं नाव झाकून तिथे राजमाची घालून बघ. वाक्य तसंच चालतंय ना? मग खोड ते. न जाताही लिहिता आलं असतं असं काहीही ठेवायचं नाही.

मग क्रियापदं बघ. ‘पाहावयास मिळते’, ‘पर्यटकांना खुणावते’. यात तू कुठे आहेस? ही भाषा माहितीपत्रकाची, तिथे घाम येत नाही कुणाला.

चढाई ‘काहीशी दमछाक करणारी’ असं लिहून तू मोकळी झालीस. पण खिरेश्वरहून गेलात ना? टोलार खिंडीपुढचा तो कातळ रेलिंग धरून चढलं, की वाटतं, संपलं. मग पठारावर टेकडीमागून टेकडी येत राहते आणि देऊळ काही दिसत नाही. हेच लिही: ‘रेलिंग सुटलं तेव्हा वाटलं, पोचलो. तिसऱ्या टेकडीनंतर कुणी कुणाशी बोलेना.’ ‘थकले’ हा शब्द न वापरता थकवा आला की नाही? मात्र असं एकदाच. पानभर पाय दुखत राहिले तर ते रडगाणं होतं.

आनंदही त्या थकव्यातूनच काढ. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच धड उरलाय, हे सगळेच लिहितात. तू शिवलिंगाभोवतीच्या बर्फगार पाण्यात उतरलीस तेव्हा आधी किंचाळलीस आणि मग बाहेर यायला तयार नव्हतीस, हे परवा फोनवर सांगितलंस. लेखात ते नाहीच! तिथे आहे ‘अलौकिक अनुभूती’.

इतिहास जिथे तुझ्या वाटेत आला तिथेच आणि तेवढाच. कर्नल साइक्सना कोकणकड्यावर गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसलं होतं. तुम्हाला काय दिसलं? नुसतं पांढरंफेक धुकं. मग साइक्ससाहेबांचं इंद्रवज्र आठवत, पोटावर पडून, खालून येणारा वारा तोंडावर घेत तुम्ही धुक्याकडे बघत बसलात, असं लिही. न दिसलेलंही तुझंच आहे. ‘मनमोहक दृश्य’ लिहून धुकं लपवू नकोस.

गाड्यांच्या वेळा, पाणी किती न्यायचं, हे शेवटी वेगळ्या चौकटीत दे. कामाचं आहे, पण गोष्टीत घुसलं की तिचा श्वास तुटतो.

आणि पाठवण्याआधी सोबत आलेल्या मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखव. ‘अगं, ते खिंडीतलं लिंबू सरबत कुठे गेलं?’ असं ती म्हणाली, तर ते आधी आत घाल.