टक्क्यांत न दिसणारं गणित

मुलीला दहावीला ८४.२० टक्के. "सायन्सच घेऊ ना सर? पुढचे सगळे रस्ते खुले राहतात," वडील म्हणाले. मुलगी पंख्याकडे बघत होती. मी गुणपत्रिका मागितली.

मराठी ९२, हिंदी ९०, सामाजिक शास्त्रे ९०, इंग्रजी ८१, विज्ञान ६८, गणित ६२. आपलं राज्य मंडळ सहांपैकी जास्त गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढतं. म्हणजे तिच्या ८४.२० मध्ये गणित आलेलंच नाही! शिवाय त्या ६२ मध्येही शाळेने दिलेले अंतर्गत गुण २० पैकी १९. लेखी परीक्षेत ८० पैकी ४३. पेढे वाटताना हा हिशोब कोणी करत नाही.

तरीही ४३ वरून लगेच निकाल लावू नये. मंडळाकडे अर्ज आणि शुल्क भरलं की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते; ती मागवायला सांगितली. भूमितीचा पेपर बरा होता. बीजगणितात दोन प्रकारच्या चुका होत्या. काही ठिकाणी रीत बरोबर, पण चिन्हं चुकलेली. शाब्दिक उदाहरणं मात्र कोरी. पहिली चूक सरावाने जाते. दुसरीची मला काळजी वाटते, कारण दिलेल्या मजकुरातून समीकरण मांडणं हेच अकरावीच्या भौतिकशास्त्रात रोज करावं लागतं.

"मग डिप्लोमा?" आईने विचारलं. गणित टाळण्यासाठी डिप्लोमाला जाणं ही नेहमीची फसगत. तिथे पहिल्याच वर्षी गणित असतं.

मी तिला दहा दिवसांत वीस शाब्दिक उदाहरणं सोडवायला दिली, क्लासविना. चिन्हं सुधारली, समीकरणं सहाच मांडता आली. वही परत देताना ती हळूच म्हणाली, "मला भूगोल घेता येईल का?"

वडिलांचा चेहरा उतरला. आर्ट्स म्हणजे काहीच नाही, ही भीती मी समजू शकतो. त्यांच्या पिढीने तेच ऐकलंय. त्यांचं अर्धं म्हणणं खरंही आहे. विज्ञान शाखेतून बी.ए., बी.कॉम.ला जाता येतं, आर्ट्समधून इंजिनीअरिंगला नाही. पण पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कुठलीही शाखा चालते आणि स्पर्धा परीक्षांना कुठल्याही शाखेची पदवी. तिच्या भाषांच्या गुणांना तिथे किंमत आहे.

राहिला अर्ज. वडिलांनी पहिल्या पसंतीला दीड तासावरचं नावाजलेलं कॉलेज लिहिलं होतं, "बघू तर खरं, मिळतं का." इथे बघू चालत नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. मी दोघांना एकदा सकाळी सातच्या बसने तिकडे जाऊन यायला सांगितलं. संध्याकाळी त्यांनी पसंतीक्रम बदलला. पहिल्या क्रमांकावर तालुक्याचं कॉलेज, शाखा आर्ट्स, विषयांत भूगोल.